पाळी चुकलीय आणि एका बाजूला दुखतंय: खोपोलीच्या शिळफाट्यावरून कुठे जायचं, किती खर्च येईल

मेडिकलमध्ये मिळणारी गरोदरपणाची पट्टी पन्नास ते शंभर रुपयांत येते. आशाताईकडे मिळणारा ‘निश्चय’ किट तर फुकट असतो. दोन रेघा उमटल्या की घरात आनंद होतो, नाहीतर काळजी सुरू होते, आणि दोन्ही घरांत एक गोष्ट राहून जाते. पट्टी फक्त दिवस राहिल्याचं सांगते. गर्भ पिशवीत आहे की पिशवीबाहेर, हे तिला कळत नाही. शंभरातल्या एक-दोन बायकांमध्ये गर्भ पिशवीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच रुजतो. अशा दहातल्या नऊहून अधिक केसेसमध्ये तो गर्भनळीत असतो. डॉक्टर याला एक्टोपिक म्हणतात. आपल्याकडे ‘नळीत गर्भ राहिला’ असं म्हटलं की सगळ्यांना कळतं.

नळीला पिशवीसारखं ताणता येत नाही. गर्भ वाढत गेला की शेवटच्या पाळीपासून साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात ती दुखू लागते, तिच्यातून रक्त झिरपतं, आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर ती फुटते. हा गर्भ वाचवता येत नाही, तो पिशवीत हलवताही येत नाही. वाचवायचं असतं ते बाईला. नळी फुटायच्या आधी पोचलात तर खर्च हजारांत राहतो, फुटल्यावर पोचलात तर लाखाच्या घरात जातो. सरकारी दवाखान्यात दोन्ही वेळा खिशातून फारसं जात नाही, पण उशीर झाला तर रक्त आणि नळी जातेच.

दुखणं ओळखायचं कसं

पहिली खूण म्हणजे ओटीपोटात एका बाजूला दुखणं. ते पाळीच्या दुखण्यासारखं मध्यभागी आणि येऊन-जाऊन नसतं. एकाच जागी टोचत राहतं, चालताना किंवा रिक्षात खड्डा लागला की कळ येते. जोडीला अंगावरून थोडं जातं. हे रक्त बहुधा तपकिरी, काळपट आणि कमी असतं, त्यामुळे ‘पाळी उशिरा आली’ असंच वाटतं. पाळी चार-सहा दिवस उशिरा आली आणि नेहमीपेक्षा कमी गेली, तर ती पाळी न धरता पट्टी लावून बघावी. पन्नास रुपयांत मिटणारी शंका आहे.

एका बाजूचं प्रत्येक दुखणं मात्र एक्टोपिक नसतं. ज्या बाजूच्या बीजकोषातून बीज सुटलं तिथे छोटी गाठ राहते आणि साध्या, पिशवीतल्या गरोदरपणातही ती दुखू शकते. अपेंडिक्स, मुतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग याही शक्यता असतात. उलट काही एक्टोपिकमध्ये दुखणं मधोमध असतं, तर काहींत रक्तस्राव होईपर्यंत दुखतच नाही. म्हणून दुखण्याच्या जागेवरून घरी निदान करायला जाऊ नये. पाळी चुकलेली, पट्टी पॉझिटिव्ह आणि एका बाजूला दुखणं, एवढं जुळलं की त्याच दिवशी सोनोग्राफी.

दुसरी खूण खांद्याची, आणि तीच सगळ्यांत जास्त चकवते. दुखतं खांद्याच्या टोकाला, जिथे पर्सचा पट्टा अडकवतो तिथे. पोटाचा आणि खांद्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. नळीतून पोटात साचलेलं रक्त आडवं झाल्यावर वर सरकतं आणि छाती-पोटामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, लागतं. त्या पडद्याची संवेदना नेणारी नस मानेतल्या ज्या मणक्यांतून निघते, तिथूनच खांद्याच्या त्वचेची नसही निघते. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही आणि दुखणं खांद्यावर जाणवतं. खांदा उजवा की डावा यावरून कुठली नळी हे ठरत नाही.

साधा अवघडलेला खांदा दाबला की दुखतो, हात वर नेला की दुखतो. हा खांदा दाबल्याने विशेष दुखत नाही. आडवं झालं किंवा खोल श्वास घेतला की दुखतो, उठून बसलं की थोडा उतार पडतो. बाम लावून, गॅस झाला म्हणून अँटासिड घेऊन रात्र काढली जाते ती इथेच. पाळी चुकलेल्या बाईचा खांदा असा दुखत असेल तर पोटात रक्त साचलेलं आहे असं धरून निघायचं. त्याबरोबर उभं राहिल्यावर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम किंवा सारखं शौचाला जावंसं वाटणं यातलं काहीही असेल, तर सोनोग्राफी सेंटरसमोर रांग लावायची वेळ गेली.

दवाखान्यात नाडी आणि रक्तदाब ठीक निघाला म्हणूनही निर्धास्त होऊ नये. तरुण शरीर बरंच रक्त जाईपर्यंत दाब टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. हिमोग्लोबिनचंही तसंच. ताज्या रक्तस्रावात पहिला रिपोर्ट जवळपास नेहमीसारखा येऊ शकतो. ‘एचबी अकरा आहे, घरी जा’ असं कुणी म्हटलं तर काही तासांनी पुन्हा तपासायला सांगा.

मेडिकलमधला गोळ्यांचा किट

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. नको असलेले दिवस राहिले की मेडिकलमधून चिठ्ठीविना गर्भपाताच्या गोळ्यांचा किट आणला जातो. कायद्याने या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, पण त्या मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. या गोळ्या पिशवीवर काम करतात. नळीतल्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही. पिशवीचं अस्तर मात्र गळून पडतं, चांगलं रक्त जातं, आणि बाईला वाटतं काम झालं. त्यानंतर आठवडाभराने पोटात कळ आली तरी ‘गोळ्यांनी दुखतंय’ म्हणून ती अंगावर काढली जाते आणि नळी तेवढ्यात फुटते.

गर्भपात हवा असेल तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या अटींत तो करून घेता येतो. सरकारी केंद्रात तो मोफत होतो आणि नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनीच होऊ शकतो. आधी गर्भ पिशवीत असल्याची खात्री करून घ्यायची, एवढंच. गोळ्या घेऊन झाल्या असतील आणि नंतर एका बाजूला दुखत असेल, तर डॉक्टरला गोळ्यांची गोष्ट लपवू नका. ती कळली नाही तर डॉक्टरही चुकीच्या दिशेने जाईल.

नसबंदी झालेल्या किंवा तांबी बसवलेल्या बाईची पाळी चुकली तर ही काळजी दुप्पट घ्यावी. या दोन्हींनी दिवस राहणं फार क्वचित घडतं, पण राहिलेच तर नळीत असण्याची शक्यता खूप जास्त असते. आधी नळीत गर्भ राहिलेला असेल, नळीचं ऑपरेशन झालं असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा पिशवीचा-नळ्यांचा टीबी होऊन गेला असेल, तरीही तसंच. अर्थात यातलं काहीही नसलेल्या बाईलाही हे होतं.

सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी

सोनोग्राफी आतून करायची असते, म्हणजे योनीमार्गे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पाच-सहा आठवड्यांचं काही धड दिसत नाही. खोपोली-कर्जतकडच्या खासगी सेंटरमध्ये आठशे ते दोन हजार धरा. सोबत डॉक्टरची चिठ्ठी आणि आधार कार्ड न्या, कारण लिंगनिदानबंदी कायद्यानुसार प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवलं तर घाबरून जाऊ नका. त्या फॉर्ममध्ये सोनोग्राफीच्या वैध कारणांची यादी असते आणि गर्भ पिशवीत आहे की बाहेर हे पाहणं तिच्यात पहिल्याच क्रमांकावर आहे. जवळच्या कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरकडून तसं लिहून घ्या.

पाचव्या आठवड्यात पिशवी रिकामी दिसली म्हणजे एक्टोपिकच, असं नाही. दिवस मोजण्यात चूक असू शकते. म्हणून रक्तातलं बीटा एचसीजी करतात. एकदा करण्याचा दर पाचशे ते बाराशे. एका आकड्यावरून फारसं कळत नाही, अठ्ठेचाळीस तासांनी तीच तपासणी पुन्हा करून वाढ बघायची असते. आणि दोन्ही वेळा लॅब तीच हवी, नाहीतर यंत्राच्या फरकाने आकडा फसवा येतो.

शिळफाट्यावर राहणाऱ्या एका बाईचं उदाहरण मांडून बघू. हे हिशेबासाठी रचलेलं आहे, पण आकडे नेहमी दिसतात तसेच आहेत. शेवटच्या पाळीला एकेचाळीस दिवस झालेत, तीन दिवस थोडं अंगावरून जातंय, उजवीकडे टोचतंय, चक्कर नाही. सोमवारी सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि उजव्या बीजकोषाजवळ सव्वादोन सेंटिमीटरची गाठ. बीटा एचसीजी १,१८०. बुधवारी १,४२०, म्हणजे दोन दिवसांत वाढ वीस टक्के. पिशवीतल्या निरोगी गर्भात आकडा या पातळीवर असताना दोन दिवसांत किमान पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढ अपेक्षित असते, म्हणजे सतराशेच्या वर जायला हवा होता. आकडा वाढतोय पण रखडत वाढतोय, आणि पिशवीबाहेर गाठ दिसतेय. निदान जवळपास पक्कं.

नळी फुटलेली नाही, गाठ साडेतीन सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, ठोके नाहीत, आकडा पाच हजारांच्या खूप खाली आहे, लिव्हर-किडनीच्या तपासण्या ठीक. म्हणून डॉक्टर ऑपरेशनऐवजी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देतात. डोस शरीराच्या आकारावर ठरतो, दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५० किलो असलेल्या या बाईला तो साधारण ७२ मिलिग्रॅम येतो. चौथ्या दिवशी आकडा १,६१० आला. घरचे घाबरतात, इंजेक्शन फुकट गेलं म्हणतात. चौथ्या दिवशी आकडा वाढणं नेहमीचं आहे. बघायचं ते चौथ्या आणि सातव्या दिवसातला फरक. सातव्या दिवशी १,२१०, म्हणजे पंचवीस टक्के घट. पंधरा टक्के पुरे होती. पुढे दर आठवड्याला तपासत शून्याजवळ येईपर्यंत जायचं, या बाईला आणखी चार वेळा.

खर्च मांडू. बीटा एचसीजी एकूण आठ वेळा, सातशेप्रमाणे ५,६००. सोनोग्राफी दोन, बाराशेप्रमाणे २,४००. बाकीच्या रक्ततपासण्या सुमारे १,२००. डॉक्टरच्या सहा भेटी चारशेप्रमाणे २,४००, इंजेक्शन आणि ते देण्याचे मिळून १,५००. बेरीज तेरा हजार शंभर, वर गाडीभाडं. औषध स्वस्त आहे, पैसे जातात ते फेऱ्यांत. आणि फेऱ्या टाळल्या तर हा उपचार धोक्याचा ठरतो, कारण इंजेक्शननंतरही नळी फुटू शकते. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत पोट थोडं दुखतंच, पण कळ असह्य झाली, खांदा दुखला किंवा चक्कर आली तर मध्यरात्रीही दवाखाना गाठावा लागतो.

म्हणून दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणाऱ्या वाडीवरच्या कुटुंबाला मी इंजेक्शनचा हट्ट धरू नका असंच सांगेन. भट्टीवर आशाताई नाही, लॅब नाही, रात्री गाडी नाही. तिथे ऑपरेशन करून मोकळं झालेलं बरं, आणि ही अडचण डॉक्टरला आधीच मोकळेपणाने सांगावी. इंजेक्शन घेतलेल्या बाईने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या थांबवायच्या, डॉक्टरला न विचारता ब्रुफेनसारखी वेदनाशामकं घ्यायची नाहीत आणि निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

ऑपरेशन लागलं तर

ठरवून केलेलं दुर्बिणीचं ऑपरेशन पनवेल, नवी मुंबई किंवा पुण्याकडच्या खासगी रुग्णालयात साठ हजार ते सव्वा लाखाच्या दरम्यान जातं. नळी फुटल्यावर रात्री दाखल केलं, पोट उघडावं लागलं, रक्त आणि आयसीयू लागलं, तर तोच आकडा दीड-दोन लाखांवर जातो. हे सगळे अंदाज आहेत, दर रुग्णालयाप्रमाणे बदलतात. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक लावणं रुग्णालयाला बंधनकारक आहे, ते मागून घ्या. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारातच ताटकळत ठेवता येत नाही, प्राथमिक उपचार देऊन जीव सावरणं हे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते सांगितलं आहे.

रक्तपेढी रक्ताची किंमत घेत नाही, प्रक्रियेचा खर्च घेते. २०२२ च्या राष्ट्रीय दरांप्रमाणे एका पिशवीला सरकारी रक्तपेढीत १,१०० आणि खासगीत १,५५० रुपये, विशेष तपासण्यांचे वेगळे. गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात ‘जननी शिशु सुरक्षा’ योजनेखाली रक्त, औषधं, तपासण्या आणि वाहन मोफत आहे, आणि गरोदरपणातल्या गुंतागुंतीही या योजनेत येतात. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार सर्वांनाच मोफत आहेत. शिळफाट्याहून विचार करायचा तर चौकचं ग्रामीण रुग्णालय, कर्जत आणि पनवेलची उपजिल्हा रुग्णालयं आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालय या विभागात येतात.

खासगीत जायचं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, आणि हे ऑपरेशन तिथे त्या योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन १५५३८८. योजना वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत आहे. तातडीच्या वेळी रुग्णालय फोनवर कळवून उपचार सुरू करू शकतं, रेशन कार्ड आणि आधार मागून आणता येतं. खोपोली-सावरोलीकडच्या कारखान्यात नवरा किंवा बाई स्वतः ईएसआयमध्ये असेल तर ते कार्डही काढून ठेवा. विमा असलेल्या कामगाराच्या बायकोलाही ते लागू होतं.

रात्री खांदा दुखायला लागला तर

१०८ लावा. गाडी मोफत आहे आणि महाराष्ट्रात तिच्यात डॉक्टर असतो, त्यामुळे वाटेतच सलाईन सुरू होतं. फोनवर नुसतं ‘पोटात दुखतंय’ म्हणू नका. ‘दिवस गेलेत, दुसरा महिना, एका बाजूला आणि खांद्यात दुखतंय, चक्कर येतेय, नळीत गर्भ असल्याचा संशय’ असं सांगा. बाईला सपाट झोपवा. चहा, लिंबू-पाणी, ग्लुकोज काही देऊ नका, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. मोटरसायकलवर मधे बसवून घाटाकडे निघू नका.

१०८ बहुधा जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते. स्वतःच्या गाडीने निघणार असाल तर निघण्याआधी फोन करा आणि चार गोष्टी विचारा: स्त्रीरोगतज्ज्ञ आत्ता आहे का, भूलतज्ज्ञ आत्ता आहे का, ऑपरेशन थिएटर चालू आहे का, रक्त मिळेल का. एकाचंही उत्तर ‘सकाळी’ असं आलं तर तिथे थांबू नका. छोट्या नर्सिंग होमने तपासून पुढे, पुढच्याने पनवेलला, पनवेलने कामोठ्याला असं ढकलण्यात जो तास जातो तो परत मिळत नाही. खोपोलीत चारही उत्तरं ‘हो’ मिळाली तर खोपोलीच, नाहीतर थेट पनवेलच्या दिशेने. सोबत रक्त देऊ शकतील असे दोन जण असले तर चांगलं.

घरी सोडताना दोन गोष्टी बघा. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन बहात्तर तासांच्या आत दिलं गेलं का. आणि डिस्चार्ज कार्डावर कुठली नळी, काढली की ठेवली, दुसरी नळी ऑपरेशनमध्ये कशी दिसली, हे स्पष्ट लिहिलंय का. एक नळी काढली तरी दुसरीवर पुन्हा दिवस राहू शकतात. पण पुन्हा नळीतच गर्भ राहण्याची शक्यता दहात एक एवढी असते. पुढच्या वेळी पाळी चुकताच ते कार्ड घेऊन डॉक्टरकडे जा, दुखण्याची वाट न बघता सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.